धर्ममहाराजांची सत्ता कुठे संपत होती?

वाशिममध्ये १९३९ साली वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. राज्याच्या ३७व्या वर्षी, हेमंत ऋतूच्या पहिल्या पक्षात, चौथ्या दिवशी, वत्सगुल्म या राजधानीतून तो दिला गेला. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. दान दिलेले गाव नंदिकटाच्या, म्हणजे नांदेडच्या, 'उत्तर मार्गा'त होते. नांदेडहून उत्तरेला वाशिमकडे निघाले की मधे लागतो तो मुलूख म्हणजे आजचा हिंगोली जिल्हा. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा चौथ्या शतकात या दोन ठिकाणांच्या दरम्यानचा प्रदेश होता. दान मिळाले ते अथर्ववेदी ब्राह्मणांना. वंशावळ संस्कृतात आहे आणि व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. राजा स्वतःला 'धर्ममहाराज' म्हणवतो.

धर्मशास्त्रांविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा मनुस्मृतीपासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. मला या पदवीपासून सुरुवात करावीशी वाटते. धर्माचा महाराज म्हणजे नक्की काय? धर्म काय हे तो ठरवू शकत होता का? एखाद्याची जात, कर्तव्य, प्रायश्चित्त, विवाह यांवर त्याचा शब्द चालत होता का? या प्रश्नावर जवळजवळ दीड हजार वर्षे लिहिले गेले आणि त्यातले फार महत्त्वाचे लेखन आपल्याच भागात झाले.

आधी ग्रंथांचा क्रम. आपस्तंब, गौतम, बौधायन आणि वसिष्ठ यांची धर्मसूत्रे सर्वांत जुनी, साधारण इसवी सनापूर्वीच्या तीन शतकांतली. मनुस्मृती इसवी सनाच्या सुरुवातीच्या दोन शतकांतली. याज्ञवल्क्यस्मृती गुप्त-वाकाटकांच्या काळातली, आणि नारद, बृहस्पती, कात्यायन त्यानंतरचे. पुढे टीकाकारांचा काळ येतो: नवव्या शतकाच्या सुमाराचा मेधातिथी, कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर, आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य, ज्याच्या नावावर याज्ञवल्क्यस्मृतीची टीका आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र'च्या पाच खंडांत हा सारा पसारा मांडला. राजधर्म आणि व्यवहाराचा तिसरा खंड १९४६चा.

धर्म कुठून कळतो, या प्रश्नाला या सर्व ग्रंथांचे उत्तर जवळजवळ एकच आहे. वेद, वेद जाणणाऱ्यांच्या स्मृती, सज्जनांचा आचार, आणि मनूच्या मते शेवटी आत्म्याचे समाधान. आपस्तंब तर धर्म जाणणाऱ्यांच्या एकमताला आधी स्थान देतो, वेदाचा उल्लेख त्यानंतर करतो. या यादीत राजा कुठेच नाही. ज्या काळात राजे अश्वमेध करत होते, त्या काळात पंडितांनी धर्माच्या उगमांची यादी करताना सिंहासनाला त्यात जागा दिली नाही.

मग राजाचे काम काय? शास्त्रकारांनी चुकीच्या वागण्यावर दोन वेगवेगळे उपाय ठेवले आहेत. एक दंड, जो राजा देतो. दुसरे प्रायश्चित्त, जे विद्वानांची परिषद सांगते. चोरी, मारहाण, कर्ज बुडवणे, सीमेचा वाद, वेतन न देणे असे व्यवहाराचे अठरा विषय मनूने आठव्या अध्यायात राजाकडे सोपवले आहेत. कोणाकडे जेवलात, कोणाला शिवलात, कोणाशी लग्न केले, यज्ञ चुकला का, याचा निवाडा मुख्यतः परिषदेचा. दोन्ही कक्षा काही ठिकाणी एकमेकींत शिरतात, पण मूळ विभागणी सुटत नाही.

राजाच्या आज्ञेला धर्म म्हणायचे का, या प्रश्नावर मेधातिथीचे विवेचन मला सर्वांत स्वच्छ वाटते. राजाने ठरवलेला धर्म मोडू नये, असे मनू सातव्या अध्यायात म्हणतो. ते वाक्य सुटे वाचले तर राजा धर्माचा कर्ता ठरेल. मेधातिथी उदाहरणे देऊन त्याची मर्यादा आखतो. आज नगरात सर्वांनी उत्सव करावा, मंत्र्याच्या घरी लग्न आहे तिथे सर्वांनी जावे, इतके दिवस खाटकांनी जनावरे मारू नयेत, सावकारांनी ऋणकोंना त्रास देऊ नये, अशा आज्ञा राजाने काढाव्यात आणि लोकांनी पाळाव्यात. अग्निहोत्र किंवा वर्णाश्रमाच्या धर्मावर मात्र राजाचा अधिकार नाही, असे तो पुढे स्पष्ट सांगतो.

विज्ञानेश्वर हाच मुद्दा वेगळ्या वाटेने मांडतो. आपल्या धर्माशी विरोध नसेल तर समूहाने केलेला ठराव आणि राजाने घातलेला नियम दोन्ही जपावेत, असे याज्ञवल्क्य म्हणतो. राजाच्या नियमाचे मिताक्षरेतले उदाहरण असे: वाटसरूला जेवण द्यावे आणि शत्रूच्या प्रदेशात घोडे पाठवू नयेत. घोड्यांच्या निर्यातीवर बंदी हे राजाच्या कायदा करण्याच्या शक्तीचे उदाहरण म्हणून निवडले गेले, हे नीट ध्यानात घ्यावे. युद्ध, व्यापार, दुष्काळ, उत्सव यांत राजा नियम करू शकतो. मुंज कोणाची व्हावी यावर त्याचा शब्द नाही.

दुसऱ्या बाजूलाही भक्कम वचने आहेत. कौटिल्य आणि नारद निवाड्याचे चार पाय सांगतात: धर्म, व्यवहार, चरित्र आणि राजशासन. यात पुढचा पाय मागच्यावर मात करतो, म्हणजे राजाची आज्ञा सर्वांत वरची ठरते. काशीप्रसाद जयस्वाल यांच्यासारख्या अभ्यासकांनी अशा वचनांच्या आधारे प्राचीन राजसत्तेचे बलवान चित्र रंगवले. मला ते पटत नाही. कात्यायन राजशासनाची व्याख्याच अशी करतो की न्याय, शास्त्र आणि देशाचा रिवाज यांना धरून राजाने घातलेला नियम तेवढाच न्याय्य राजशासन. पुढच्या टीकाकारांनी तर हे चार पाय म्हणजे खटला निकाली काढण्याच्या चार रीती आहेत, असा अर्थ लावला. फ्रेंच अभ्यासक रोबेर लॅंगा याचा निष्कर्ष मला जवळचा वाटतो: राजाची आज्ञा ती दिली तेवढ्यापुरती पाळायची असते, तिच्यातून धर्म निर्माण होत नाही.

हे सगळे पोथीतले झाले. प्रत्यक्षात पंडितांचा धर्म आणि लोकांचा रिवाज समोरासमोर आले, तेव्हा काय झाले? याचे उदाहरण मराठी घरांना अगदी परिचित आहे: मामाच्या मुलीशी लग्न.

मनूच्या अकराव्या अध्यायात मामाची मुलगी, आत्याची मुलगी आणि मावशीची मुलगी यांच्याशी संबंध ठेवणाऱ्याला चांद्रायण प्रायश्चित्त सांगितले आहे. म्हणजे चंद्राच्या कलांप्रमाणे रोजचे घास कमी करत आणि वाढवत महिनाभर घ्यायचा आहार. त्याआधीच्या बौधायनाने मात्र दक्षिणेकडील लोकांच्या पाच वेगळ्या चाली नोंदवल्या आहेत आणि मामाच्या व आत्याच्या मुलीशी लग्न त्यांत आहे. उत्तरेकडच्याही पाच चाली तो देतो, त्यांत मद्य पिणे, शस्त्रांचा धंदा आणि समुद्रप्रवास आहेत. त्याचा निर्णय असा की एका प्रदेशाची चाल दुसऱ्याने आचरली तर दोष लागतो. ज्या प्रदेशाची चाल आहे तिथे तोच प्रदेश प्रमाण. गौतमाला हे मान्य नाही, हेही बौधायन प्रामाणिकपणे सांगतो.

काही शतकांनी बृहस्पतीने हाच प्रश्न थेट राजापुढे ठेवला. देश, जात आणि कुळ यांचे चालत आलेले धर्म राजाने तसेच राखावेत, नाहीतर प्रजा खवळते, दुरावते आणि सैन्य व खजिना दोन्ही नष्ट होतात, असे तो म्हणतो. उदाहरण म्हणून दक्षिणेतले द्विज मामाच्या मुलीशी लग्न करतात हे तो सांगतो, आणि पुढे म्हणतो की यासाठी ते प्रायश्चित्तालाही पात्र नाहीत आणि दंडालाही नाहीत. म्हणजे परिषदेचा आणि राजाचा, दोन्ही हात एकाच वेळी बाजूला ठेवले गेले. पुढे 'स्मृतिचंद्रिका'कार देवण्णभट्टासारख्या दाक्षिणात्य पंडितांनी या विवाहाला वेदाचा आधार शोधून दिला. शास्त्राने रिवाजाला वाकवले नाही. तो हलत नाही असे दिसल्यावर त्याच्यासाठी वचने शोधली गेली.

इथून जातीचा प्रश्न समोर येतो, कारण रिवाजाला इतके वजन देणाऱ्या या ग्रंथांनी जातीबाबत मात्र उलट मांडणी केली. मनूच्या दहाव्या अध्यायात सगळ्या जाती चार वर्णांच्या मिसळणीतून झाल्या असे सांगितले आहे. उच्च स्त्री आणि कनिष्ठ पुरुष यांच्या संततीला सर्वांत खालची जागा दिली, मग त्या संततीच्या पुन्हा मिसळणीतून आणखी जाती. प्रत्येकीला नाव आणि धंदा. ही मांडणी खऱ्या जातींचा इतिहास नाही, हे त्या यादीतल्या नावांवरूनच सिद्ध होते, आणि आपल्या प्रदेशासाठी त्यातले सर्वांत बोलके नाव 'आंध्र' आहे.

ऐतरेय ब्राह्मणात आंध्र हे पुंड्र, शबर, पुलिंद यांच्याबरोबर सीमेपलीकडचे लोक म्हणून येतात. विश्वामित्राच्या शापित मुलांचे वंशज म्हणून. मनूपर्यंत येताना तेच नाव एका संकरजातीचे झाले: वैदेहक पुरुषापासून जन्मलेले, आणि त्यांचा धंदा रानातली जनावरे मारणे. पुराणे मात्र आंध्र हे नाव एका मोठ्या राजघराण्याला देतात. ते घराणे म्हणजे सातवाहन. त्यांचे पैठण आजच्या हिंगोलीपासून पश्चिमेला, गोदावरीच्या काठी. एकच नाव, आणि त्याखाली आदिवासी समूह, शास्त्राने कल्पिलेली संकरजात आणि सम्राट असे तीन अर्थ. लोक आधी होते. वर्णसंकराची उपपत्ती त्यांच्यावर मागाहून चढवली गेली. कळमनुरी आणि औंढा तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात राहणाऱ्या आंध आदिवासींचे नाव काही अभ्यासकांनी या जुन्या नावाशी जोडले आहे. त्या नात्यावर मी काही उभे करणार नाही. पण रानात राहून शिकार करणाऱ्या समूहाला कोणत्यातरी कलंकित जन्माची कथा चिकटवली की त्याची खालची जागा 'शास्त्रीय' ठरते, ही पद्धत मनूच्या त्या श्लोकांत उघड दिसते.

सातवाहनांचे वागणे पाहिले तर चित्र आणखी गुंतते. नाशिकच्या लेण्यात पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातला लेख आहे. त्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, वर्णन चार वर्णांचा संकर थांबवणारा असे करते. मनूने राजाकडून जे मागितले तेच इथे दगडावर कोरलेले आहे. पण तोच लेख बौद्ध भिक्षूंना लेणे दान दिल्याचा आहे. आणि कान्हेरीच्या लेखानुसार वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक शक घराण्यातली, एका महाक्षत्रपाची मुलगी होती. शकांना मनू संस्कार सुटल्याने पतित झालेल्यांत गणतो. म्हणजे संकर थांबवल्याची घोषणा करणाऱ्या घराण्यानेच शास्त्राच्या दृष्टीने संकर होईल असा विवाह केला, कारण शेजारच्या क्षत्रपांशी तह करण्याचे ते साधन होते.

वाकाटकही याला अपवाद नाहीत. ते विष्णुवृद्ध गोत्राचे ब्राह्मण. राज्य करणे हे शास्त्रानुसार क्षत्रियाचे कर्तव्य. मेधातिथीने ही अडचण ओळखली होती. मनूच्या सातव्या अध्यायाच्या आरंभीच तो म्हणतो की इथला 'राजा' शब्द क्षत्रिय जातीसाठी नाही. ज्याचा अभिषेक झाला आणि ज्याच्याकडे सत्ता आहे तो राजा. सत्तेपुढे वर्णाचा नियम सैल करता येत होता, हे टीकाकारांनीच मान्य केले.

ही सैल बाजू खालच्या माणसाला मिळाली नाही. मनूचे दंड पाहावेत. क्षत्रियाने ब्राह्मणाला शिवी दिली तर १०० पण, वैश्याने दिली तर १५० किंवा २००, शूद्राला शारीरिक शिक्षा. उलट ब्राह्मणाने क्षत्रियाला शिवी दिली तर ५० पण, वैश्याला २५, शूद्राला १२. चोरीच्या बाबतीत क्रम उलटा आहे: शूद्राला आठपट, वैश्याला सोळापट, क्षत्रियाला बत्तीसपट आणि ब्राह्मणाला चौसष्टपट किंवा त्याहून अधिक, कारण जाणत्याचा अपराध मोठा. पण ब्राह्मणाला देहदंड देऊ नये, धनासह राज्याबाहेर घालवावे, असे मनू स्पष्ट सांगतो. वर्णांची उतरंड पंडितांनी रचली, पण तिला प्रत्यक्ष बळ मिळाले ते राजाच्या दंडातून. धर्म ठरवण्याचा अधिकार राजाला नसेल. तो विषमपणे लागू करण्याचे काम मात्र शास्त्राने त्याच्याच हाती दिले. धर्मशास्त्रांतले हे सर्वांत मोठे अन्यायाचे ठिकाण आहे, आणि देशाचार किंवा काळाचे भान सांगून ते झाकता येत नाही.

ब्राह्मणावर राजाची सत्ता किती? गौतमाच्या मते राजा ब्राह्मण वगळून सर्वांचा स्वामी. पण ताम्रपट काय सांगतात ते पाहू. याज्ञवल्क्याने दानपत्राची कृती पायरीपायरीने दिली आहे. भूमी दिल्यावर राजाने पुढच्या चांगल्या राजांच्या माहितीसाठी लेख करावा; तो कापडावर किंवा तांब्यावर असावा; त्यावर मुद्रा असावी; आपले पूर्वज, आपण, दानाचे प्रमाण आणि सीमा लिहाव्यात; आपली सही आणि तारीख घालावी. वाशिमचा ताम्रपट याच सुमाराचा आणि याच घडणीचा आहे. त्यात आजोबा प्रवरसेन, वडील सर्वसेन, मग स्वतः. चार अश्वमेधांचा उल्लेख. दान आणि मिती. लेखक म्हणून सेनापतीचे नाव.

पोथीत नसलेला भाग सवलतींचा. या गावात सैनिकांनी शिरू नये, सोने-धान्य मागू नये, फुले आणि दूध घेऊ नये, पाळीने बैल मागू नयेत, गवत, कातडी, कोळसा घेऊ नये, दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांना खाट, पाण्याची भांडी आणि चाकर द्यावे लागू नयेत. नांदेड-वाशिम पट्ट्यातल्या इतर गावांनी हे सगळे देत राहायचे होते, हे या यादीवरूनच कळते. मनूच्या शूद्राला फक्त सेवा सांगितली आहे. त्या सेवेचा ताम्रपटातला तपशील म्हणजे बैल, दूध, कोळसा आणि खाट.

दुसरा ताम्रपट अचलपूरजवळच्या चम्मकचा. वाकाटकांच्याच दुसऱ्या शाखेतल्या दुसऱ्या प्रवरसेनाने आपल्या १८व्या वर्षी हे गाव, आठ हजार भूमी मापाचे, हजार ब्राह्मणांना दिले. त्यात एक अट आहे. हे दान त्या ब्राह्मणांनी सप्तांग राज्याशी द्रोह केला नाही, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार केला नाही, युद्ध केले नाही, दुसऱ्या गावांना उपद्रव दिला नाही तोवरच चालेल. यापैकी काही केले तर जमीन परत घेणारा राजा चोर ठरणार नाही. पोथी सांगते की दिलेली जमीन हिरावून घेणे महापाप. राजाने ती गोष्ट नाकारली नाही. दान देतानाच ते पाप कधी लागणार नाही ते लिहून ठेवले. ब्राह्मणाला देहदंड देता येत नसेल, तर त्याची जमीन काढून घेता येते. धर्ममहाराजांच्या खऱ्या सत्तेची जागा ही आहे: श्लोकाचा अर्थ पंडितांनी ठरवावा, पण पंडितांच्या चरितार्थाची दोरी राजाच्या हाती.

यादवकाळात हे नाते आणखी घट्ट झाले. हेमाद्री देवगिरीच्या महादेव यादवाचा आणि नंतर रामचंद्राचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख. त्याच माणसाने 'चतुर्वर्गचिंतामणि' हा व्रते आणि दाने यांचा अवाढव्य निबंध रचला. आता धर्मनिर्णय आणि राज्यकारभार एकाच माणसाकडे होता. तरीही सामान्य माणसाला जिथे जात आडवी यायची, तिथे राजा सहसा दिसत नाही. औंढा नागनाथाच्या परंपरेत नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू न देता मागे घालवले जाते, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरते. नामदेव नरसीचे, जातीने शिंपी. पैठणला ज्ञानेश्वरादी भावंडांची शुद्धी मागितली जाते ती ब्रह्मवृंदापुढे. दोन्ही कथांत राजा रामचंद्र यादव कुठेही निवाडा करायला येत नाही. कथांची ऐतिहासिकता काहीही असो, त्या सांगणाऱ्या लोकांना ठाऊक होते की ही बंधने राजाज्ञेवर नव्हती, ती स्थानिक ब्रह्मवृंदाच्या आणि गावाच्या हातात होती. म्हणून राजा बदलला तरी ती टिकली.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. 'राजांनी हा कायदा पूर्ण पाळला नव्हता' हे इतिहासाचे उत्तर त्या कृतीला लागू पडत नाही, कारण विषमता राजांच्या कायद्यापेक्षा गावाच्या रिवाजात जास्त जिवंत होती, आणि त्या रिवाजाला पवित्र शब्द पुरवण्याचे काम या ग्रंथांनी केले होते. मेधातिथीने राजाला नाकारलेला अधिकार, म्हणजे वर्णधर्मात हात घालण्याचा, भारताच्या संविधानाने १७व्या कलमात अस्पृश्यता रद्द करून राज्याच्या हाती दिला. आणि १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने बहीण-भावांच्या मुलांचे लग्न निषिद्ध नात्यांत ठेवले, पण दोन्ही पक्षांत तसा रिवाज असेल तर ते वैध मानले. बौधायनाने दक्षिणेसाठी नोंदवलेला अपवाद आजच्या कायद्यात रिवाज म्हणून शिल्लक आहे. मनूचे विषम दंड मात्र कायद्यातून कायमचे गेले आहेत.